उत्सवमूर्तीने काय लिहावं? सरप्राइज पार्टीच्या फोटोखालच्या ओळींविषयी

सरप्राइज पार्टीच्या फोटोखाली उत्सवमूर्तीने लिहिलेल्या कॅप्शनवरून नेहमी एक वाद झडतो आणि त्यात दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडत असतात, असं माझं मत आहे. एक बाजू म्हणते, ‘शब्दच नाहीत’, ‘मला अजिबात कल्पना नव्हती’, ‘तुमच्यासारखी माणसं मिळायला भाग्य लागतं’ ही सगळी ठरीव वाक्यं आहेत. आभार मानायचे तर त्या माणसांना भेटून माना, चारचौघांना कशाला ऐकवता? दुसरी बाजू म्हणते, माणूस भारावलेला आहे, आनंदात आहे, त्याच्या दोन ओळींची परीक्षा घेणारे आपण कोण? पहिल्यांना लिहिणाऱ्याच्या हेतूचा संशय आहे, दुसऱ्यांना त्याची पाठराखण करायची आहे. पण त्या ओळींचं काम काय, हे दोघंही विचारत नाहीत. आणि काम ठरल्याशिवाय ते नीट झालं की नाही हे कसं ठरणार?

माझ्या मते हे कॅप्शन म्हणजे साक्ष आहे. फोटोतल्या प्रत्येकाला दार उघडल्यावर काय होणार ते ठाऊक होतं. फक्त एकाला नव्हतं. दार उघडण्याआधी त्या एकाच्या मनात काय चाललं होतं, तो कुठे निघालाय असं त्याला वाटत होतं, कुठली थाप त्याने खरी मानली होती, हे त्याच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. बेत रचणाऱ्यांना आपला बेत बाहेरून दिसतो. तो आतून कसा लागू पडला हे त्यांना कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे उत्सवमूर्तीने सांगणं. म्हणून ‘धक्का बसला’ आणि ‘आभारी आहे’ ही दोन वेगळी वाक्यं नाहीत. तो धक्का इतरांनी मेहनतीने घडवलेला असतो. तो नेमका कसा बसला हे नीट सांगितलं की निम्मे आभार तिथेच मानून होतात, आणि तो नुसत्या उद्गारचिन्हांवर भागवला तर उरलेल्या आभारांनाही बूड राहत नाही.

यावरचा पहिला आक्षेप रास्त वाटतो. फोटो आहे ना? विस्फारलेले डोळे, तोंडावर गेलेला हात सगळं सांगतातच, मग वर शब्द कशाला? अडचण अशी की चेहरा बहुतेक वेळा हे सांगत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ रायनर रायझेनत्साइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये आठ प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना खरोखर अनपेक्षित गोष्टीला सामोरं नेलं आणि त्यांचे चेहरे टिपले. लोक चकित झाले होते, त्यांनी तसं सांगितलंही. पण चेहऱ्यावर आश्चर्याची खूण दिसली ती प्रयोगागणिक 4 ते 25 टक्के लोकांच्या. त्याहून महत्त्वाचं हे की बहुतेकांना आपल्या चेहऱ्यावर आश्चर्य स्पष्ट उमटलं होतं असं वाटत होतं. पुढे 2012 मध्ये आखिम श्युट्सव्होल यांच्यासोबत त्यांनी आणखी जोरदार प्रसंग रचला. माणूस ज्या बोळातून खोलीत आला, तोच बोळ बाहेर पडताना गायब. त्याच्या जागी हिरव्या भिंतींची छोटी खोली आणि मध्ये एक लाल खुर्ची. तरीही भुवया उंचावलेल्या, डोळे मोठे, तोंड उघडं असा भरगच्च आश्चर्याचा चेहरा क्वचितच कोणाचा झाला.

आता हे सरप्राइज पार्टीच्या फोटोला लावून पाहा. दारातला पहिला फोटो बहुधा हललेला असतो, कारण काढणाराही त्या क्षणी ओरडत असतो. नीट आलाच तर उत्सवमूर्तीचा चेहरा गोंधळलेला, कधी चक्क कोरा, कधी घाबरलेला. मग पाचेक मिनिटांनी सगळे एकत्र उभे राहून जो फोटो काढतात त्यात सगळे हसत असतात आणि धक्का ओसरलेला असतो. मागे फुगे नसते तर तो कुठल्याही समारंभाचा फोटो म्हणून खपला असता. पोस्ट होतो तो बहुतेक हाच. म्हणजे पहिल्या फोटोत धक्का आहे पण वाचता येत नाही, आणि दुसऱ्यात तो नाहीच. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी 1931 मध्ये छायाचित्रणावर लिहिताना विचारलं होतं की फोटोखालचे शब्द हाच पुढे फोटोचा सर्वांत महत्त्वाचा भाग होणार नाही का? त्यांच्यासमोरचे फोटो वेगळे होते, पण या फोटोच्या बाबतीत तरी त्याचं उत्तर ‘हो’ असंच आहे.

चकित होणं आणि वाखाणणं यांची सांगड काही आजची नाही. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय. त्याच्या अनुभावांत, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या खुणांत, विस्फारलेले डोळे, न लवणारी पापणी, रोमांच, अश्रू आहेत, आणि त्याच रांगेत साधुवादही आहे, म्हणजे तोंडून आपसूक निघालेली वाहवा. थक्क झालेला माणूस ज्याने थक्क केलं त्याला दाद देतो, हे दोन हजार वर्षांच्या आसपास जुनं निरीक्षण आहे. रंगमंचावर ही दाद अंगातून, आवाजातून दिसते. स्थिर फोटोत ती गोठते किंवा हरवते, म्हणून तिला खालच्या ओळींत जागा द्यावी लागते.

एक प्रसंग रचून पाहू. एका बाईंचा पन्नासावा वाढदिवस. तो दोन दिवसांवर असताना संध्याकाळी मैत्रिणीचा फोन येतो: ‘अगं, स्वयंपाकघरातला नळ तुटलाय, पाणी थांबत नाहीये, हे घरी नाहीत, मला काही सुचेना, ये ना लवकर.’ बाई अंगावरच्या कपड्यांत पाना घेऊन धावतात. दार उघडतं आणि आत तीस माणसं. फोटोत त्यांच्या हातात पाना आहे आणि नजर कोणाकडेच नाही, खाली आहे. रात्री त्या लिहितात: ‘शब्दच नाहीत! मला अजिबात कल्पना नव्हती! माझ्यासाठी इतकं करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. आजचा दिवस कधीच विसरणार नाही.’

यात खोटं काही नाही, भावनाही खरी आहे. पण हेच कॅप्शन दुसऱ्या कोणाच्याही, कुठल्याही पार्टीच्या फोटोखाली चालेल. पान्याचा पत्ता नाही, खाली वळलेल्या नजरेचा नाही. रडवेला आवाज काढणाऱ्या मैत्रिणीला आपलं नाटक किती वठलं ते कळलं नाही. ‘सगळ्यांचे’ या एका शब्दात तीस माणसं कोंबली गेली. आता हेच साक्षीसारखं लिहिलं तर?

‘हातात पाना आहे, कारण मी नळ दुरुस्त करायला आले होते. फोनवरचा रडवेला आवाज मी खरा मानला. दार उघडल्यावर मी आधी जमिनीवर पाणी शोधलं. तुम्ही सगळे ओरडत होता आणि माझ्या डोक्यात एवढंच, की हिच्या घरी पाहुणे आहेत आणि नळ गळतोय, आता कसं होणार. मग बाबा दिसले आणि मी पाना खाली ठेवला. माझ्या बहिणीने तीन आठवडे माझ्या नकळत सगळ्यांना गाठलं. कॉलेजची मैत्रीण रात्रभर प्रवास करून आली. पोटात काही न राहणारे माझे बाबा आठवडाभर माझा फोन घेत नव्हते आणि मी उगीच त्यांच्यावर रुसले होते. भाओजी एकाही फोटोत नाहीत, कारण सगळे फोटो त्यांनी काढलेत. अजून कोणी काय काय केलं ते मला हळूहळू कळतंय. नळ ठीक आहे, मी बघून आले.’

यात ‘धक्का’ हा शब्द एकदाही नाही. पण जमिनीवर पाणी शोधणारी नजर वाचली की तो किती खोल होता ते कळतं, कारण मन जुनी समजूत एका झटक्यात सोडत नाही. तीस माणसं समोर असतानाही ते काही क्षण नळाचाच विचार करत राहतं. ‘विश्वासच बसत नव्हता’ असं आपण म्हणतो ते याच क्षणांबद्दल, फक्त तेव्हा काय खरं वाटत होतं तेवढं सांगायचं राहून जातं. आभारही तसेच. बाबांचं मौन हा त्यांच्या प्रेमाचा सगळ्यात अवघड भाग होता आणि तो लेकीने ओळखला, हे त्यांना त्या ओळीतून कळतं. ‘मनापासून आभार’ लिहून ते कळलं नसतं.

शिवाय क्रमही बघा. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांची मर्यादा आहे, जागेची टंचाई नाही. पण फोटोखाली आपोआप दिसतं ते सुरुवातीचंच थोडंसं, बाकीचं उघडून वाचावं लागतं. ती सुरुवात ‘सर्वांचे आभार’मध्ये गेली तर पुढचं कोणी उघडणार नाही. ती पान्याने केली तर उघडेल, आणि पुढे आलेल्या माणसांची नावंही वाचली जातील. आभार मागे ढकलल्याने त्यांचा मान कमी होत नाही. उलट वाचणारा तिथपर्यंत पोचतो.

इथे वेळेचा एक पेच आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दार उघडण्याआधीची समजूत फार लवकर पुसली जाते. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान कोसळलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितलं, काय करत होता. अडीचेक वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. निकोल हार्श यांच्यासोबत त्यांनी 1992 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेकांच्या उत्तरांचा पहिल्या लिखाणाशी मेळ नव्हता, आणि तरी त्यांना आपल्या आठवणीची ठाम खात्री होती. आनंदाचा धक्का याला अपवाद असावा असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. उलट पार्टीत तर त्याच रात्री दहा जण तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगत असतात: ‘तू अशी उडालीस!’, ‘तू रडलीस!’ सकाळपर्यंत त्यांची गोष्ट तुमची आठवण होऊन बसते.

म्हणजे घाई हवी. पण कोणी काय केलं हे मात्र त्या रात्री उत्सवमूर्तीला माहीतच नसतं. बाबा फोन का घेत नव्हते याचा उलगडा दुसऱ्या दिवशी होतो. रात्रभरचा प्रवास कोणी केला ते निरोप घेताना कळतं, कधी तेव्हाही नाही. म्हणून माझा आग्रह आहे की लिहिणं त्याच रात्री व्हावं आणि पोस्ट करणं दुसऱ्या दिवशी. झोपण्याआधी फक्त आपल्या डोक्यातलं टिपून ठेवायचं: कुठे निघालो होतो, काय वाटलं, आधी काय दिसलं, कोणाचा चेहरा पाहून उलगडलं. सकाळी बेत रचणाऱ्यांपैकी एकाला फोन करून सगळी हकिकत विचारायची, ‘कोणी काय केलं ते मला सांग.’ यावर म्हणतात की उशीर केला की ताजेपणा जातो. पण रात्री बारा वाजता लिहिलेलं ‘शब्दच नाहीत’ तरी ताजं कुठे असतं? ते थकलेल्या माणसाला सुचलेलं सगळ्यात जवळचं वाक्य असतं. त्यात त्याचा दोष नाही, एवढंच की त्याने साक्ष होत नाही.

आता दिखाऊपणाच्या आक्षेपाकडे येते. त्यातला एक भाग मला मान्य आहे आणि तो साधा नाही. ज्याने सर्वांत जास्त झिजून हे घडवलं, त्याचे आभार समोरासमोरच मानायला हवेत. तीन आठवडे झटलेल्या बहिणीला आपलं नाव फोटोखालीच पहिल्यांदा वाचायला मिळालं, तर ती दुखावली जाईल आणि तिचं दुखणं योग्यच असेल. कॅप्शनने भेटीची जागा घेऊ नये. पण म्हणून जाहीर आभार पोकळ ठरतात का?

2020 मध्ये मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी बाजू तपासली. एकाने दुसऱ्याचे आभार मानताना तिसऱ्याने पाहिलं, तर त्या तिसऱ्यावर काय परिणाम होतो? पाहणाऱ्यांना आभार मानणाऱ्याला मदत करावीशी वाटू लागली, आणि ज्याचे आभार मानले गेले त्याच्याशी जवळीक वाढवावीशी वाटली. सरप्राइज पार्टीत हे फारच लागू पडतं. तीस पाहुणे एकमेकांना ओळखतातच असं नाही. कॉलेजची मैत्रीण आणि भाओजी बहुधा पहिल्यांदाच भेटले. त्यांना जोडणारा एकमेव माणूस पार्टी संपेपर्यंत भांबावलेला होता. कोणी काय केलं हे त्या तिसांपैकी प्रत्येकाला कळण्याची जागा कॅप्शनशिवाय दुसरी नाही. बंद दाराआड मानलेले आभार बहिणीला पोचतात, पण बहिणीने काय केलं ते मैत्रिणीला कळत नाही.

मात्र जाहीर आभार दिखाऊ कधी होतात याचंही उत्तर अल्गो यांच्याच 2016 मधल्या अभ्यासात सापडतं. त्यांनी जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगितलं आणि त्यातली दोन प्रकारची वाक्यं वेगळी काढली. एक प्रकार समोरच्याने काय केलं आणि तो कसा आहे हे सांगणारा. दुसरा, मला त्यातून काय मिळालं हे सांगणारा. आपली दखल घेतली, आपल्याला समजून घेतलं, असं ऐकणाऱ्याला वाटण्याशी घट्ट नातं होतं ते पहिल्या प्रकाराचं. ‘मी किती भाग्यवान’, ‘माझा सर्वांत सुंदर दिवस’, ‘मला लाडावून ठेवलंत’ ही सगळी दुसऱ्या प्रकारची वाक्यं. कृतज्ञतेची वाटतात, पण त्यांचा कर्ता सतत ‘मी’. टीका करणाऱ्यांना खटकतं ते हेच, फक्त त्यांनी दोष जाहीरपणाला दिला. दोष वाक्याच्या कर्त्यात आहे. ‘बाबांनी आठवडाभर फोन घेतला नाही’ हे वाक्य लाखो लोकांसमोर म्हटलं तरी ते बाबांबद्दलच राहतं.

नावं घेतली की कोणीतरी सुटतं, ही भीती खरी आहे. सुटलेल्या माणसाला लागतं आणि ते नंतर टॅग वाढवून भरून येत नाही. पण त्यावर ‘सर्वांचे आभार’ हा उपाय म्हणजे एकाला लागू नये म्हणून तिसांपैकी कोणालाच काही न देणं. त्यापेक्षा यादीच करू नये, कामं सांगावीत. नावांच्या यादीत क्रम येतो, क्रम आला की तोलणं येतं. कामं सांगताना ‘अजून कळतंय’ म्हणायला जागा राहते, आणि ते खरंही असतं. मग खाली प्रतिक्रियांत कोणी लिहितं, फुगे तर शेजारच्या काकूंनी फुगवले, आणि उत्सवमूर्ती तिथेच काकूंना दाद देते. टॅग करण्याआधी मात्र विचारावं. कोणी आजारपणाचं कारण देऊन कामावरून निघालं असेल, कोणी दुसरं आमंत्रण टाळून आलं असेल. त्यांनी तुमच्यासाठी मारलेली थाप तुमच्याच फोटोने उघडी पडणं हा आभाराचा फार वाईट प्रकार आहे.

सगळ्यात नाजूक प्रश्न उरतो तो सुगावा लागलेल्यांचा. अर्धवट उघडा राहिलेला मेसेज, अचानक थांबलेलं बोलणं, सगळ्यांना एकाच संध्याकाळी असलेलं काम, यातून पुष्कळांना अंदाज येतो. तेव्हा ‘मला अजिबात कल्पना नव्हती’ लिहिणं हे सौजन्य आहे, असं सांगणारी माणसं मला मनाने चांगली वाटतात. आयोजकांचा हिरमोड होऊ नये एवढीच त्यांची इच्छा असते. तरी मी ते लिहू नये म्हणेन, आणि कारण व्यवहारातलं आहे. ज्या धाकट्या भावाकडून बेत फुटला, त्याला ते ठाऊक असतं. त्याने कदाचित दोघातिघांना सांगितलंही असतं. त्या एका खोट्या ओळीनंतर ते सगळे पुढच्या खऱ्या ओळीही सावधपणे वाचतात. आणि अंदाज कधी संपूर्ण नसतो. पार्टी आहे हे कळलं असेल, पण दारात कोण उभं असेल ते कळलं नव्हतं. तारीख कळली होती, पण शाळेतल्या बाईंना कोणी शोधून आणेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. तेवढाच भाग लिहावा: ‘काहीतरी शिजतंय हे मला मंगळवारीच कळलं होतं. बाई येतील हे मात्र नाही. त्यांना पाहिलं आणि मी जे तयार करून आले होते ते हसू माझ्याकडून झालंच नाही.’

आणि ज्यांना असा धक्का मुळातच सोसत नाही, ज्यांना दार उघडताक्षणी परत फिरावंसं वाटलं, त्यांनी आनंदाचं नाटक करू नये. त्यांच्या साक्षीतही आभाराला जागा आहे. माणसं आली, त्यांनी वेळ दिला, हे खरंच असतं. ‘मी दहा मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले आणि कोणी मला आत ओढलं नाही, बहीण नुसती शेजारी येऊन उभी राहिली’ असं लिहिणाऱ्या बाईने बहिणीचे जे आभार मानलेत, त्यावर शंका घेण्याची हिंमत त्या पहिल्या बाजूच्या कोणालाही होणार नाही.